जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी : साताऱ्यातल्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट २०२४ च्या ऑगस्टमधली, साताऱ्यातल्या माझ्या एका मित्राच्या घरची. नावं देत नाही. मित्राची बायको, म्हणजे वहिनी, रोज संध्याकाळी सात ते साडेआठ दहावीच्या मुलांची गणिताची ऑनलाइन शिकवणी घेतात. घरात फायबरचं ५० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. भिंतीवर केबलवाल्याने बसवलेला ओएनटीचा पांढरा डबा, ज्यात फायबरची तार येते, आणि त्याला जोडलेला त्यांचा स्वतःचा राउटर, टीपी-लिंकचा आर्चर सी७. वाय-फाय त्यावर चालतं. घरात दोन मुलं, चार फोन, दारावर एक कॅमेरा.

वहिनींना संगणकाची भीती नाही, पण राउटरच्या आत त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. त्यांची एकच अट होती. "भाऊजी, काय करायचं ते करा, पण सोमवारी सात वाजता माझा तास झाला पाहिजे." पुढचे बहुतेक निर्णय या अटीनेच ठरवले.

अडचण

तासाच्या मधेच त्यांचा आवाज तुटायचा. मुलं सांगायची, "टीचर, रोबोटसारखं ऐकू येतंय." स्पीड टेस्ट केली की ४८ एमबीपीएस दिसायचे. केबलवाल्याने लाइन तपासली, ती ठीकच होती. मग दोष कुठे?

मी लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि बाहेरच्या सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी ही आज्ञा चालू ठेवली.

```
ping -t 8.8.8.8
```

घर शांत असताना उत्तर ८ ते १० मिलिसेकंदांत येत होतं. मग मित्राला सांगितलं, फोनमधले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लाव. दहा सेकंदांत आकडे २५० च्या पुढे गेले. चढवणं थांबवलं, पुन्हा १०. हाच प्रयोग लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून केला, तरी तेच. म्हणजे राउटर बिघडलेला नव्हता आणि वाय-फायचाही प्रश्न नव्हता.

याला बफरब्लोट म्हणतात. एसटी स्टँडवर एकच खिडकी उघडी आहे आणि पुढे एक गृहस्थ अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढतायत अशी कल्पना करा. तुम्हाला एकच तिकीट हवं आहे, खिडकीवरचा माणूस झटपट काम करतोय, तरी तुमचा नंबर यायला वेळ लागतो. घरातून बाहेर जाणारा डेटा ओएनटीतल्या अशाच एका रांगेत उभा राहतो. फोटोंचा बॅकअप ती रांग भरून टाकतो आणि वहिनींच्या आवाजाचे इवलेसे तुकडे तिच्या शेपटाला अडकतात. स्पीड टेस्टला खिडकीतून एकूण किती तिकिटं गेली तेवढंच दिसतं, तुमचं एक तिकीट किती थांबलं ते दिसत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय फुकटचा होता. बॅकअप रात्री अकरानंतर लावायचा. तो आम्ही लगेच अमलात आणला आणि आठवडाभर बराच फरक पडला. फक्त फोनच्या बॅकअपचा त्रास असता तर हा लेख इथेच संपला असता, आणि तुमचंही काम तेवढ्यावर भागत असेल तर पुढचा खटाटोप करू नका. इथे मात्र कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चढत राहायचं, शिवाय मोठ्या मुलाचं प्रोजेक्ट कधी चढेल याचा नेम नव्हता.

दुसरा पर्याय १०० एमबीपीएसचा प्लॅन. पण खिडकी दुप्पट वेगाने चालली तरी वऱ्हाड पुढे असेल तर थांबावंच लागतं. थोडं कमी, इतकंच. तिसरा, रांगेची नीट व्यवस्था ठेवणारा नवा राउटर. पैसे हाताशी होते, पण चालता राउटर बाजूला टाकणं दोघांनाही पटेना.

चौथा पर्याय ओपनडब्ल्यूआरटी. राउटर हा एक छोटा संगणकच आहे. त्याला चालवणारी जी प्रणाली कंपनी आत भरून देते ती फर्मवेअर. ती काढून त्या जागी मुक्तस्रोत लिनक्स बसवता येतं. मित्राने विचारलं, "हे करतं कोण आणि फुकट का देतं?" २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा लिनक्सवर आधारलेला स्रोत, परवान्याच्या अटीप्रमाणे, खुला करावा लागला. त्यावर काम करणाऱ्यांनी २००४ मध्ये हा प्रकल्प उभा केला आणि नावातली ती अक्षरं तिथूनच आली. आज जगभरातले स्वयंसेवक तो सांभाळतात.

आमच्यासाठी त्यातली एकच गोष्ट मोलाची होती, एसक्यूएम नावाची सोय आणि तिच्यातली 'केक' ही पद्धत. ती प्रत्येक जोडणीला आळीपाळीने खिडकीपाशी सोडते. वऱ्हाडाचं एक तिकीट, मग तुमचं एक, मग पुन्हा वऱ्हाडाचं.

तोटेही मी आधीच सांगितले. चुकीची फाइल गेली किंवा मधेच वीज गेली तर राउटर निर्जीव वीट होऊन बसू शकतो. कंपनीचं मोबाइल ॲप चालणार नाही. यापुढे सुधारणा आपण बसवायच्या, काही अडलं तर दुकानदाराकडे जाता येणार नाही. आणि सी७ चा प्रोसेसर जुना आहे, त्यामुळे एसक्यूएम चालू असताना साधारण दीडशे एमबीपीएसच्या पुढे तो दमायला लागतो. ५० च्या प्लॅनला हे चालतं. तुमचा प्लॅन ३०० चा असेल तर याच राउटरवर हा उपाय करू नका, वेग गमावून बसाल.

पहिला निर्णय : कोणत्या राउटरवर?

मित्राच्या माळ्यावर आणखी एक जुना राउटर होता. "आधी त्याच्यावर हात साफ करू," असं तो म्हणाला. विचार चांगला होता, पण त्या राउटरमध्ये फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, फक्त ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्यांना निदान ८ आणि ६४ लागतात, सुखाने चालायला १६ आणि १२८. जुनी आवृत्ती कोंबून बसली असती, पण सुरक्षेच्या सुधारणा बंद झालेली आवृत्ती बसवण्यात काय अर्थ? तो राउटर तसाच ठेवला, आणि पुढे दुसऱ्याच कामाला आला.

मग सी७ उलटा करून तळाचं लेबल वाचलं. 'Ver: 5.0'. नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीवर घालवावा. एकाच नावाच्या राउटरच्या आत वर्षागणिक वेगवेगळे भाग असतात. सी७ च्याच पहिल्या आवृत्तीतल्या ५ गिगाहर्ट्झच्या चिपला ओपनडब्ल्यूआरटीचा आधार नाही. ती असती तर आमचं अर्धं वाय-फाय गेलं असतं. खोक्यावरचं किंवा बिलावरचं नाव धरू नका, तळाचं लेबलच वाचा. पाचव्या आवृत्तीत फ्लॅश १६, रॅम १२८, आणि प्रकल्पाच्या यादीत तिचं स्वतंत्र पान आहे. तेव्हा ठरवलं, करायचं.

तयारी

प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं असतं. तयारीला आम्ही शनिवारची अख्खी दुपार दिली.

प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणावरून नेमकी ही फाइल उतरवली.

```
openwrt-23.05.4-ath79-generic-tplink_archer-c7-v5-squashfs-factory.bin
```

या नावातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना `factory` लागते. `sysupgrade` नावाची फाइल त्याच पानावर शेजारीच असते, पण ती आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरसाठी. नाव फार लांब असलं की अपलोडचं पान कधीकधी फाइल घेत नाही, म्हणून तिचं नाव `c7v5.bin` केलं. मग फाइल उतरताना खराब झाली नाही ना, ते पाहिलं.

```
certutil -hashfile c7v5.bin SHA256
```

आलेली अक्षरमाला डाउनलोड पानावरच्या अक्षरमालेशी वहिनींनी मोठ्याने वाचून ताडून पाहिली. एक अक्षर जरी चुकलं असतं तरी फाइल पुन्हा उतरवली असती.

परतीची वाटही आधीच बांधून ठेवली. याच राउटरची, याच आवृत्तीची कंपनीची मूळ फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवली. सी७ मध्ये एक छोटा आरंभ-कार्यक्रम असतो, फर्मवेअर बिघडलं तरी तो जिवंत राहतो. रिसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू केला की तो `192.168.0.66` या पत्त्यावरच्या संगणकाकडे `ArcherC7v5_tp_recovery.bin` नावाची फाइल मागतो. ती देण्यासाठी लॅपटॉपवर टीएफटीपीचा छोटा सर्व्हर बसवला, मूळ फाइल या नावाने त्याच्या फोल्डरात ठेवली आणि सगळ्या पायऱ्या कागदावर लिहिल्या. कागदावर अशासाठी, की त्या क्षणी इंटरनेट नसण्याचीच शक्यता जास्त.

माळ्यावरचा राउटर आता कामी आला. तो ओएनटीच्या दुसऱ्या पोर्टला जोडला आणि त्यावर घरचंच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड घातला. सी७ ला काही झालंच तर सोमवारचा तास बुडणार नव्हता. हे झाल्यावरच वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

रविवारची सकाळ

राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. सी७ ओएनटीपासून सोडवला. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून वायर राउटरच्या लॅन पोर्टला लावली. हे काम वाय-फायवरून कधीच करू नये. कंपनीच्या पानावर फर्मवेअर अपग्रेडमध्ये `c7v5.bin` निवडली आणि बटण दाबलं.

पट्टी पूर्ण झाली, मग पान गोठलं. इथे हात आवरायचा असतो. पान गोठणं साहजिकच आहे, कारण ते दाखवणारी प्रणालीच आता उरलेली नसते. आम्ही घड्याळ लावून पाच मिनिटं काहीही केलं नाही. पॉवरचा दिवा लुकलुकला आणि मग स्थिर झाला. काम फत्ते झाल्याची खूण हीच.

यानंतर दोन गोष्टींनी घाबरवलं. एक, वाय-फाय दिसेना. ओपनडब्ल्यूआरटी वाय-फाय मुद्दाम बंद ठेवून येतं, तुम्ही पासवर्ड घालेपर्यंत कोणी आत शिरू नये म्हणून. हे मला ठाऊक होतं, पण वहिनींना सांगायचं राहून गेलं होतं. दोन, जुना पत्ता `192.168.0.1` उघडेना. नवा पत्ता `192.168.1.1`. तो लॅपटॉपवर टाकला, लुसी नावाचं नवं पान उघडलं. नाव `root`, पासवर्ड रिकामा. पहिलं काम, पासवर्ड ठेवणं.

जिथे अडलो

सी७ ओएनटीला परत जोडला. इंटरनेट नाही. वहिनींनी आपल्या फोनवर `192.168.1.1` टाकलं, तर भलतंच, ओएनटीचं लॉगिन पान उघडलं. "भाऊजी, हे तर दुसरंच आलं. बसलंच नाही वाटतं." मित्र म्हणाला, परत जुनं टाकू. माझाही हात रिसेटच्या बटणाकडे गेला होता.

थांबलो ते एका प्रश्नामुळे. लॅपटॉपवर लुसी उघडतंय, मग राउटर मेलेला कसा? लुसीच्या पहिल्या पानावर वॅनचा, म्हणजे ओएनटीकडच्या बाजूचा, पत्ता पाहिला, `192.168.1.4`. आणि राउटरचा स्वतःचा पत्ता `192.168.1.1`. कोडं सुटलं. ओएनटीचाही पत्ता `192.168.1.1` च होता. सी७ पूर्वी `192.168.0.1` वर होता म्हणून दोघांची टक्कर होत नव्हती. आता सी७ ला बाहेर जायचा दरवाजा म्हणून जो पत्ता मिळत होता तो त्याचा स्वतःचाच. बाहेर जाणार कुठून? वहिनींचा फोन माळ्यावरच्या राउटरवर होता, म्हणून त्यांना ओएनटीचं पान दिसत होतं.

सी७ चा पत्ता लुसीतून बदलला, तर दीड मिनिटात तो परत जुना झाला. हीसुद्धा सोयच आहे. नव्या पत्त्यावर ९० सेकंदांत तुम्ही पोचला नाहीत तर तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडलं असं समजून लुसी बदल मागे घेतं. आमची वायर काढून लावायला उशीर झाला होता. शेवटी `ssh root@192.168.1.1` ने आत जाऊन हे केलं.

```
uci set network.lan.ipaddr='192.168.10.1'
uci commit network
service network restart
```

वायर काढून परत लावली, `192.168.10.1` उघडलं, इंटरनेट आलं. त्या क्षणी टीएफटीपीची वाट धरली असती तर राउटरला काही झालं नसतं, पण आम्ही 'हे जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढून घरी गेलो असतो.

रांग लावणं

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे एकेक फोन पुन्हा जोडावा लागला नाही. देशाच्या जागी `IN` निवडलं. कोणते चॅनल आणि किती शक्ती वापरायची हे त्यावर ठरतं. जास्त शक्ती मिळावी म्हणून दुसरा देश निवडण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये, ते नियमबाह्य आहे. दारावरचा कॅमेरा जुना होता, म्हणून सुरक्षा डब्ल्यूपीए२ च ठेवली.

मग एसक्यूएम.

```
opkg update
opkg install luci-app-sqm
```

त्याच्या पानावर वॅनचा दुवा `eth0.2`, पद्धत `cake`, स्क्रिप्ट `piece_of_cake.qos`. वेगाचे आकडे ठरवायला मात्र विचार लागतो. प्लॅनचे ५० घातले असते तर काहीच झालं नसतं, कारण रांग ओएनटीतच साचत राहिली असती. राउटरने प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडं हळू सोडायचं, म्हणजे रांग आपल्या ताब्यातल्या खिडकीपाशी येते आणि तिथे केक तिला शिस्त लावतो. मोजलेला वेग उतरवताना ४८, चढवताना ४६ होता. त्याच्या सुमारे ९० टक्के, म्हणून ४३००० आणि ४१००० किलोबिट घातले.

परिणाम

तोच प्रयोग पुन्हा केला. बॅकअप जोरात चालू असताना पिंग १५ ते २२ मिलिसेकंदांत राहिला. आधी २५० होता. सोमवारचा तास एकदाही न तुटता झाला.

मित्राची एक तक्रार आली, "स्पीड टेस्ट आता ४३ दाखवते." बरोबर आहे. ते पाच एमबीपीएस जाणूनबुजून सोडले आहेत. त्याला ते पटायला दोन दिवस आणि बायकोचे दोन तास लागले.

आज पुन्हा करायचं झालं तर

फर्मवेअर बदलण्याआधी ओएनटीचा पत्ता कागदावर लिहीन आणि सी७ ओएनटीला जोडण्यापूर्वीच त्याला `192.168.10.1` देईन. रविवारचा आमचा पाऊण तास एवढ्यासाठी गेला. घरच्यांना आधीच सांगीन की वाय-फाय दिसेनासं होईल आणि तसंच व्हायला हवं.

तिसरी चूक उशिरा कळली. ऑक्टोबरमध्ये २३.०५.५ आलेलं पाहून मी लुसीतून `sysupgrade` फाइल बसवली, 'सेटिंग ठेवा' वर खूण करून. सगळं जसंच्या तसं आलं. दोन दिवसांनी वहिनींचा फोन, "भाऊजी, पुन्हा रोबोट झालाय." सेटिंग टिकतात, पण आपण वरून बसवलेली पॅकेजं सुधारणेच्या वेळी पुसली जातात. एसक्यूएमचे आकडे `/etc/config/sqm` मध्ये शाबूत होते, ते वापरणारं पॅकेजच उरलं नव्हतं. वरच्या दोन `opkg` आज्ञा पुन्हा दिल्या, एसक्यूएम चालू झालं का ते पाहिलं आणि पिंग २० वर आला. आता सुधारणा करताना मी `firmware-selector.openwrt.org` वर पॅकेजांच्या यादीत `luci-app-sqm` आधीच घालून फाइल तयार करून घेतो, आणि ती बसवली की पहिल्यांदा बॅकअप लावून पिंग पाहतो. रविवारी सकाळी, सोमवार लांब असताना.